परवान्यावरचं एक अक्षर

वाहन परवान्यावर SHINDE ऐवजी SINDE छापलं गेलं, तर प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना लिहायच्या अर्जाचा विषय नीट ठरवावा लागतो. ‘नावात बदल’ असं लिहिलंत, तर तुम्ही नवं नाव घेत आहात असा अर्थ निघू शकतो आणि मग राजपत्राची मागणी होऊ शकते. म्हणून विषयातच लिहावं: ‘वाहन परवान्यावरील नावाच्या स्पेलिंगमधील दुरुस्तीबाबत’.

पुढे परवाना क्रमांक, जन्मतारीख आणि दोन ओळी एकाखाली एक: ‘सध्या छापलेले नाव: SINDE’, ‘योग्य नाव: SHINDE’. इथे इंग्रजी मोठी अक्षरंच वापरावीत. मराठीत दोन्हीकडे ‘शिंदे’ लिहिलं, तर चूक कुठे आहे हे कारकुनाला कळणारच नाही.

खरा भार पुराव्यावर असतो. आधार, पॅन आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवर स्पेलिंग एकसारखं हवं. आधारवर SHINDE आणि पॅनवर SHINDHE असेल, तर आधी पॅन दुरुस्त करून घ्यावं, नाहीतर अर्ज तिथेच अडकू शकतो. मूळ अर्जाची प्रत जपली असेल तर ती जरूर जोडावी. त्यात नाव बरोबर असेल, तर चूक नोंद करताना झाली हे त्यावरून दिसतं.

प्रत्यक्ष दुरुस्तीचा अर्ज ‘सारथी’ संकेतस्थळावर भरावा लागतो. पत्र त्याच्या सोबतीला. ते कार्यालयात देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मागून घ्यावा, कारण पत्राची पुढची विचारपूस त्याच क्रमांकावर होते.