राहायला नाशकात, नोकरी हवी पुण्यात

चाकणच्या एखाद्या कारखान्याला क्वालिटी इंजिनिअर हवा असतो, तेव्हा भरती करणारी व्यक्ती हजारो बायोडेटा वाचत बसत नाही. ती नोकरी डॉट कॉमच्या रेझडेक्समध्ये, म्हणजे कंपन्यांना पैसे भरून मिळणाऱ्या शोधयंत्रणेत जाते आणि काही रकाने भरते. कौशल्याचे शब्द, अनुभवाची वर्षं, पगार, नोटीस पिरियड आणि शहर. शहराच्या रकान्यात तिनं ‘पुणे’ लिहिलं की नाशिक, सांगली, नागपूरचे उमेदवार यादीत येण्याआधीच गळतात. त्यांना कोणी नाकारलेलं नसतं, ते कोणाला दिसलेलेच नसतात. महिनोन्‌महिने फोन येत नाही म्हणून स्वतःच्या शिक्षणावर, अनुभवावर शंका घेणारी कितीतरी मुलं-मुली प्रत्यक्षात या एका रकान्यापाशी अडकलेली असतात.

यातून वाट काढायची सोय त्याच यंत्रणेत आहे. रेझडेक्समध्ये सध्याच्या शहराच्या जोडीनं, त्या शहरात यायला तयार असलेल्या उमेदवारांनाही यादीत घेता येतं. लिंक्डइनच्या भरतीवाल्यांसाठीच्या आवृत्तीतही ठिकाण निवडताना तीन पर्याय असतात: सध्या तिथे राहणारे, तिथे यायला तयार असलेले, किंवा दोन्ही. भरती करणाऱ्याने दोन्ही निवडलं तर नाशिकचा माणूस पुण्याच्या यादीत येऊ शकतो. पण ‘यायला तयार’ हे यंत्रणेला कळतं ते फक्त उमेदवाराने योग्य जागी भरलेल्या माहितीवरून. ‘माझ्याबद्दल’च्या परिच्छेदात प्रेमाने लिहिलेलं वाक्य तिला पुरत नाही.

एक उदाहरण घेऊन हे नीट बघू. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सहा वर्षं काम केलेली एक क्वालिटी इंजिनिअर आहे असं धरा. वाहनांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, पुरवठादारांच्या मालाची तपासणी हे काम. नवऱ्याची बदली पिंपरी-चिंचवडला झाली आहे आणि मुलीची शाळा बदलायची म्हणून ऑगस्टअखेर घर हलवायचं ठरलं आहे. नोटीस पिरियड साठ दिवसांचा. चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात तिच्या कामाच्या जागा भरपूर निघतात. पण फोन येतात ते सातपूर आणि अंबडच्या कन्सल्टंटचेच.

तिचं नोकरी डॉट कॉमचं प्रोफाइल उघडलं तर कारण लगेच सापडतं. सध्याचं ठिकाण नाशिक, हे बरोबरच आहे. पण खाली करिअर प्रोफाइलमध्ये कामासाठी पसंतीची शहरं भरायची असतात, तिथे सहा वर्षांपूर्वी भरलेलं ‘नाशिक’ आणि त्याच्यापुढे ‘मुंबई’ तसंच पडून आहे. तिनं पुण्याचे जॉब अलर्ट लावले आहेत, रोज ईमेलवर पुण्याच्या जागा येतात, म्हणून यंत्रणेला आपला इरादा कळला असं ती धरून चालली होती. अलर्ट ही आपल्यासाठीची सोय आहे. भरती करणाऱ्याच्या शोधात मोजली जाते ती पसंतीच्या शहरांची नोंद.

इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. पसंतीच्या शहरांत एकाहून अधिक नावं भरता येतात म्हटल्यावर पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, गुरुग्राम सगळंच भरून टाकतात किंवा ‘कुठेही चालेल’ निवडतात. वाटतं की जाळं जितकं मोठं तितके फोन जास्त. घडतं उलटं. कुठेही चालेल म्हणणाऱ्या उमेदवारांना यादीतून वगळायची सोय रेझडेक्समध्ये दिलेली आहे, आणि ती दिलेली आहे कारण भरती करणाऱ्यांना अशा नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. आपल्या इंजिनिअरने फक्त पुणे ठेवावं, नाशिकही काढून टाकावं. तिला नाशकात थांबायचंच नाही, मग ते नाव ठेवून काय साधणार?

लिंक्डइनवर दोन वेगवेगळ्या जागा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. नावाखाली दिसतं ते राहण्याचं ठिकाण. ते बदलायचं तर पेन्सिलच्या खुणेवर जाऊन देश, पिनकोड आणि शहर भरायचं. कुठे जायला तयार आहोत ते सांगायची जागा निराळी: नावाखालच्या `Open to` बटणात `Finding a new job` हा पर्याय. तिथे हव्या त्या पदाची नावं, प्रत्यक्ष ऑफिसात, हायब्रिड की घरून काम, आणि कोणत्या शहरात, हे विचारलं जातं. शहराचं नाव स्वतःच्या मनाने टंकून सोडू नये, खाली उघडणाऱ्या यादीतूनच निवडावं. यादीत ‘पुणे, महाराष्ट्र’ हे शहर आणि पुणे-पिंपरी-चिंचवडचा एकत्रित परिसर अशी निराळी नावं येतात. दोन्ही घातलेली बरी, कारण समोरचा कोणतं निवडून शोधेल ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि प्रत्यक्ष ऑफिसातल्या कामाची शहरं व घरून करायच्या कामाची ठिकाणं तिथे वेगळी विचारली जातात. फक्त घरून कामाच्या रकान्यात पुणे भरलेल्या माणसाला चाकणचा कारखाना कसा सापडावा?

शेवटी विचारतात की हे कोणाला दिसावं, फक्त भरती करणाऱ्यांना की सगळ्यांना. सगळ्यांना निवडलं तर फोटोभोवती हिरवी कड येते. नोकरीत असलेल्याने पहिला पर्याय घ्यावा. तुमच्याच कंपनीच्या भरती विभागाला हे दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, असं ते स्वतःच सांगतं. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपलं प्रोफाइल दिसू नये अशी सोय सेटिंगमध्ये आहे. सध्याच्या कंपनीचं नाव तिथे आधी टाकावं आणि मगच पसंतीचं शहर बदलावं.

आता अवघड प्रश्न. सरळ राहण्याचं ठिकाणच ‘पुणे’ करून टाकलं तर? बरेच जण हा सल्ला देतात आणि त्यात थोडं तथ्य आहे. छोट्या कंपन्यांचे एचआर लिंक्डइनची महागडी आवृत्ती घेत नाहीत, साध्या शोधावरच काम चालवतात. त्या शोधातली ठिकाणाची चाळणी राहण्याच्या शहरावर चालते, तिथे जायची तयारी मोजली जात नाही. म्हणजे त्यांच्या यादीत यायचं तर पुण्याचंच असावं लागतं.

तरीही घर हलायच्या बऱ्याच आधी खोटं शहर लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. एक तर ते खोटं आहे. दुसरं म्हणजे ते पहिल्या फोनलाच उघडं पडतं. कन्सल्टंट उमेदवाराला कंपनीकडे पाठवताना एक तक्ता भरतो: सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड, सध्याचं शहर, पसंतीचं शहर, नोकरी बदलण्याचं कारण. फोनवर तो हेच प्रश्न विचारतो. ‘उद्या दुपारी चाकणला प्रत्यक्ष मुलाखतीला या’ म्हटल्यावर ‘मी खरं तर नाशकात आहे’ असं सांगावं लागलं, तर बाकीच्या उत्तरांवरचा विश्वासही डळमळतो. नाशिकहून चाकणला मुलाखतीला येणं अजिबात अशक्य नाही. एक दिवस आधी कळलं की माणूस पोहोचतो. बिनसतं ते लपवल्यामुळे.

भाडेकरार झाला, तारीख पक्की झाली आणि स्थलांतर तीन-चार आठवड्यांवर आलं की शहर बदलायला माझी हरकत नाही. तोपर्यंत लिंक्डइनच्या ठळक ओळीत आणि बायोडेटाच्या माथ्यावर खरी स्थिती लिहिता येते. आपल्या इंजिनिअरच्या बायोडेटात पूर्ण पत्ता आहे: प्लॉट, कॉलनी, नाशिक. तो काढून एवढंच लिहावं:

```
Nashik | Relocating to Pune by end of August (family move) | Notice: 60 days
```

या ओळीचा प्रत्येक भाग कामाचा आहे. भरती करणाऱ्यांची सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे ऑफर घेऊन माणूस रुजूच होत नाही. साठ किंवा नव्वद दिवस जागा अडकते आणि शेवटच्या आठवड्यात नकार येतो. बाहेरगावच्या उमेदवाराबद्दल ही धास्ती दुप्पट असते. हा खरंच येणार, की इथली ऑफर दाखवून तिथेच पगार वाढवून घेणार? ‘कुटुंबासह येतो आहोत’ आणि ‘ऑगस्टअखेर’ हे दोन तपशील त्या शंकेला थेट उत्तर देतात. ‘यायला तयार’ या मोघम शब्दांना तेवढं वजन नाही. उलट दिशेनं, म्हणजे बेंगळुरूहून कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगरला परतू पाहणाऱ्यांसाठी ‘मूळ गाव’ हे शब्द असंच काम करतात. लहान शहरातल्या कंपन्यांना बाहेरचा माणूस टिकेल का, ही काळजी असते.

मात्र ही ओळ बायोडेटात ठीक, लिंक्डइनच्या ठळक ओळीत जपून घालावी. ती ओळ साहेबांनाही दिसते. आपल्या इंजिनिअरने कंपनीत अजून काही सांगितलेलं नसेल तर लिंक्डइनवर तिनं फक्त भरती करणाऱ्यांना दिसणारी नोंद ठेवावी आणि जाहीर ओळीत आपल्या कामाचे शब्दच लिहावेत.

बदल लागू पडला की नाही हे कळतं. लिंक्डइन तुम्ही किती वेळा शोधात आलात आणि शोधणारे कोणत्या कंपन्यांत काम करतात ते दाखवतं. नोकरी डॉट कॉमवरही शोधात येण्याची आणि भरती करणाऱ्यांच्या हालचालींची नोंद दिसते. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुण्याच्या कंपन्या दिसू लागल्या, फोन मात्र येत नाहीत, असं झालं तर शहराचा अडथळा सुटला आहे आणि अडचण पगाराच्या अपेक्षेत, नोटीस पिरियडमध्ये किंवा कौशल्याच्या शब्दांत आहे. पुण्याच्या कंपन्या दिसतच नसतील तर पसंतीच्या शहरांची नोंद पुन्हा उघडून बघावी. कधी कधी बदल केलेला असतो आणि जतन करायचा राहिलेला असतो. नोंद बरोबर असूनही यादी रिकामी असेल तर शेवटचा बदल कधी केला ते पाहावं. रेझडेक्समध्ये अलीकडे सक्रिय असलेलेच उमेदवार दाखवा, अशी चाळणी लावता येते. दोन महिने न उघडलेलं प्रोफाइल त्यात मागे पडतं. आठवड्यातून एकदा आत जावं, काही खरी भर घालण्यासारखी असेल तर घालावी.

आणि पुण्यात सामान उतरलं की त्याच आठवड्यात दोन्हीकडे राहण्याचं शहर ‘पुणे’ करावं आणि बायोडेटातली स्थलांतराची ओळ काढून टाकावी. ऑगस्ट उलटून गेल्यावरही ‘ऑगस्टअखेर येतो आहे’ असं लिहिलेला बायोडेटा हाती पडला, तर हा माणूस आलाच नाही असं समजून कन्सल्टंट पुढच्या नावाकडे वळतो.