दहा लाख प्रयोगांचे शंभर कसे झाले

फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरीकडच्या एखाद्या पॅकहाउसच्या प्री-कूलिंग खोलीत उभं राहून पाहा. द्राक्षांच्या पेट्यांच्या थप्प्या लावलेल्या असतात, वरून ताडपत्री ओढलेली असते आणि पंखा त्या पेट्यांच्या भोकांमधून गार हवा खेचत असतो. मधूनच कुणी तरी येऊन मधल्या पेटीतला एक घड उचलतो, थर्मामीटरची सुई मण्याच्या गाभ्यात टोचतो आणि आकडा वहीत लिहितो. बागेतून तिशीच्या आसपास तापमान घेऊन आलेला मणी तीन-चार अंशांवर आला, की माल पुढच्या खोलीत जातो.

मणी 18 मिलिमीटर व्यासाचा आणि गोल धरला, तर त्याचं वजन साधारण सव्वातीन ग्रॅम भरतं. म्हणजे दहा टन मालात तीस लाख मणी झाले. त्या सगळ्यांची साल सोलून जमिनीवर पसरली, तर पाऊण एकर झाकला जाईल! एका रात्रीत या पाऊण एकर सालीतून उष्णता बाहेर काढायची असते. ती किती वेगानं निघेल, हे ज्या राशीवर ठरतं तिला अभियंते h म्हणतात. साल आणि हवा यांच्यात एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटर सालीतून दर सेकंदाला जितके जूल बाहेर पडतात, तितका h.

हा h सहा गोष्टींवर अवलंबून असतो : मण्याचा व्यास D, हवेचा वेग V, तिची घनता ρ, श्यानता म्हणजे चिकटपणा μ, विशिष्ट उष्मा c आणि उष्णता वाहून नेण्याची क्षमता k. नियम काय, हे प्रयोगानंच शोधायचं ठरवलं आणि प्रत्येक गोष्टीच्या दहा-दहा किमती घेतल्या, तर दहा लाख प्रयोग होतात. एका प्रयोगाला एक तास धरा. रात्रंदिवस काम केलं, तरी 114 वर्षं लागतील. 1900 साली सुरुवात केली असती, तर 2014 उजाडलं असतं.

प्रत्यक्षात शंभर प्रयोग पुरतात आणि ते चार दिवसांत उरकतात. काम दहा हजार पटींनी कमी होतं, तेही एकही यंत्र न वापरता, नुसत्या कागदावर. मला ही गोष्ट आजही थक्क करते.

युक्ती अशी. सहा गोष्टी आणि सातवा h, या सगळ्यांची एककं शेवटी चार मूळ मितींतूनच बनतात : वस्तुमान M, लांबी L, काळ T आणि तापमान θ. लांबी आपण मीटरमध्ये मोजतो की फुटात, याच्याशी द्राक्षाला काही देणंघेणं नसतं. त्यामुळे खरा नियम एककं नसलेल्या निव्वळ आकड्यांमध्येच लिहिता आला पाहिजे. सात राशींतून चार मिती वजा केल्या की असे तीनच आकडे उरतात. 1914 मध्ये बकिंगहॅम यांनी याच विचाराला π-प्रमेयाचं रूप दिलं, आणि पुढच्याच वर्षी नुसेल्ट यांनी उष्णतेच्या संक्रमणाचा नियम अशाच निव्वळ आकड्यांत मांडला.

आता हे आकडे काढू. चार राशी अशा निवडायच्या, की त्या प्रत्येक आकड्यात पुन्हा पुन्हा वापरता येतील. आपण D, ρ, μ आणि k घेऊ. उरलेल्या तिघांना एकेक करून यांच्यासोबत बसवायचं आणि एककं खोडायची.

```
h : M T⁻³ θ⁻¹        k : M L T⁻³ θ⁻¹
μ : M L⁻¹ T⁻¹        ρ : M L⁻³
V : L T⁻¹            c : L² T⁻² θ⁻¹
```

h आणि k शेजारी ठेवले, की दिसतं : दोघांत फक्त एका लांबीचा फरक आहे. म्हणून hD/k हा निव्वळ आकडा झाला. ρ आणि μ यांची गरजच पडली नाही. हा नुसेल्ट अंक, Nu. वेगाला ρD/μ ने गुणलं की एककं उडतात आणि ρVD/μ मिळतो; हा रेनॉल्ड्स अंक, Re. c ला μ/k ने गुणलं की μc/k. हा प्रँटल अंक, Pr. म्हणजे Nu फक्त Re आणि Pr यांच्यावर अवलंबून आहे. दोन गोष्टी, प्रत्येकीच्या दहा किमती, शंभर प्रयोग.

विद्यार्थी चुकतात ते चौकडी निवडताना. D, V, ρ, μ ही चौकडी सोयीची वाटते, पण त्या चौघांचा मिळून आधीच रेनॉल्ड्स अंक बनतो आणि तापमान त्यांच्यात कुठेच नसतं. मग h मधला θ खोडायला कुणी उरत नाही आणि समीकरण −1 = 0 असं येतं. ते दिसलं की समजावं, निवड चुकली. उलट μ ऐवजी V घेऊन D, V, ρ, k अशी चौकडी केली, तर c बरोबर ρVcD/k मिळतो. तो वेगळा दिसला तरी Re आणि Pr यांचा गुणाकारच आहे; माहिती तीच राहते.

Re एकटा का पुरत नाही, ते आपल्या मण्यावरच पाहू. शून्याजवळच्या हवेचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर Re साधारण 1350 येतो. हवेचा Pr 0.7 च्या आसपास असतो. एकट्या गोलासाठी प्रयोगांतून मिळालेलं सूत्र असं :

```
Nu = 2 + 0.6 Re^(1/2) Pr^(1/3)
```

यातून Nu सुमारे 22 आणि h सुमारे 29 येतो. आता तोच मणी गार पाण्याच्या प्रवाहात धरला असं समजा. पाण्याचा वेग सेकंदाला 13 सेंटिमीटर ठेवला, तर Re तोच, 1350. पण शून्याजवळच्या पाण्याचा Pr 13 च्या घरात असतो. h येतो जवळपास 1700, म्हणजे 58 पट! Nu अडीच पट झाला आणि पाण्याचा k हवेच्या तेवीस पट आहे, त्यातून हे घडलं. Pr ची पट्टीही अफाट आहे : पाऱ्याचा 0.025 च्या आसपास, तर थंड इंजिन ऑइलचा दहा हजारांच्याही वर.

आता हवेचा वेग चौपट करून पाहा. Re चं वर्गमूळ दुप्पट होतं, म्हणून h 29 वरून 55 वर जातो. दुप्पटही होत नाही. पंख्याला लागणारी शक्ती मात्र त्याच वाटेतून हवा ढकलताना वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे 64 पट.

सूत्राप्रमाणे उघडा मणी सेकंदाला मीटरभर वेगाच्या गार हवेत पाव तासात तीन-चार अंशांवर यायला हवा. पेट्यांना मात्र कित्येक तास लागतात. याचं कारण V मध्ये आहे : सूत्रातला वेग मण्याला भिडणाऱ्या हवेचा आहे, पंख्याच्या तोंडाशी मोजलेला नाही. पाऊच आणि पेपरच्या आत हवा सेकंदाला पाच सेंटिमीटरवर आली, की गुरुत्वाकर्षण आणि तापमानामुळे हवेचं हलकं-जड होणं या गोष्टीही हिशेबात शिरतात. त्या आपल्या सहांच्या यादीत नव्हत्या. त्यांच्यासाठी ग्रासहॉफ अंक नावाचा आणखी एक आकडा लागतो. यादी अपुरी आहे हे ओळखायची खूणही सोपी आहे : Re आणि Pr तेच असताना मोजलेले Nu एकसारखे न येता विखुरले, की काही तरी राहून गेलं आहे.

म्हणून मधल्या पेट्या उशिरा गार होत असतील, तर मोठ्या पंख्याचं कोटेशन मागवण्याआधी ताडपत्रीच्या कडेच्या आणि थप्प्यांमधल्या फटी बुजवा. हवा सोपी वाट धरते, आणि त्या फटींतून गेलेली हवा एकाही मण्याला शिवत नाही.