चक्कर कानाची की मेंदूची? डोळे सांगतात

अकोल्याच्या एका वस्तीतली गोष्ट. भाजी विकणाऱ्या बावन्न वर्षांच्या मावशी पहाटे उठल्या आणि घर गरगर फिरायला लागलं. उलट्या थांबेनात. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं, बोलणंही नीट होतं. "पित्त झालं असन," असं म्हणून घरच्यांनी लिंबूपाणी दिलं. पण मावशींना आधाराशिवाय उभंच राहता येईना, तेव्हा आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं.

अशी अचानक सुरू होऊन तासन्‌तास न थांबणारी चक्कर बहुधा दोन कारणांनी येते. एक म्हणजे कानातून मेंदूकडे तोल कळवणाऱ्या नसेला आलेली सूज. ती बरेचदा विषाणूमुळे येते आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते. दुसरं कारण म्हणजे लहान मेंदूचा किंवा मेंदूच्या देठाचा रक्तपुरवठा अडणं, म्हणजेच पक्षाघात. यात हातपाय लुळे पडतीलच असं नाही.

डॉक्टरांनी मावशींना आपल्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं आणि त्यांचं डोकं थोडंसं, पण झटकन एका बाजूला वळवलं. मग दुसऱ्या बाजूला. कानाची नस सुजली असेल, तर त्या बाजूला वळवताना डोळे डोक्यासोबत घसरतात आणि उडी मारून परत नाकावर येतात. मावशींचे डोळे दोन्ही वेळा नाकावरच राहिले. आपल्याला वाटेल, बरं झालं! पण सतत गरगरत असताना डोळे असे स्थिर राहिले, तर नस ठीक आहे आणि बिघाड मेंदूत असावा, असा त्याचा अर्थ होतो.

मग डोळ्यांचे झटके पाहिले. नसेच्या सुजेत ते एकाच दिशेला जातात. मावशींनी उजवीकडे पाहिलं की झटके उजवीकडे, डावीकडे पाहिलं की डावीकडे. शेवटी एकेक डोळा आळीपाळीने झाकला. उघडलेला डोळा वर-खाली सरकला. हीसुद्धा मेंदूचीच खूण.

सीटी स्कॅन स्वच्छ आला. पहिल्या काही तासांत असा पक्षाघात सीटीत पुष्कळदा दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी घरी न पाठवता ठेवून घेतलं. पुढे एमआरआयमध्ये लहान मेंदूतला पक्षाघात दिसला.

ही तपासणी घरी करू नका. ती शिकलेल्या डॉक्टरांनीच करायची, आणि तीही चक्कर चालू असून डोळ्यांना झटके येत असतील तरच. कूस बदलल्यावर मिनिटभर येणाऱ्या चकरेला ती लागू नाही.

आपण एवढंच पाहायचं: आधाराशिवाय उभं राहता येत नाही, एकाचे दोन दिसतात, बोलणं किंवा गिळणं अडखळतं, एका कानाने अचानक ऐकू येत नाही, मान किंवा डोकं नवीनच ठणकतं. यातलं एकही असेल, तर तोंडाने काही न देता १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लक्षात ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात.