टीव्हीवर टास्कबार कापला जातो तेव्हा

लॅपटॉप एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की अनेकांचा टास्कबार अर्धा गायब होतो आणि खिडकी बंद करायची फुलीही कडेला सरकून दिसेनाशी होते. अशा वेळी कीबोर्डवरून स्क्रीनशॉट घेऊन बघा. त्यात टास्कबार पुरता दिसला, तर कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपमध्ये काही बिघडलेलं नाही. चित्र बहुतेक टीव्हीच कापतो आहे.

ही सवय जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींपासूनची. त्यांत चित्राचा आकार विजेच्या दाबाप्रमाणे आणि सेट जुना होईल तसा थोडाफार बदलायचा. कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा मोठं काढत आणि कडा चौकटीआड जात. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. आजच्या सपाट पडद्याला त्याची गरज नाही, तरी कित्येक सेटमध्ये ते सुरूच असतं.

समजा, कॉम्प्युटर 1920 × 1080 चं चित्र पाठवतो आणि टीव्ही प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापतो. म्हणजे डावीउजवीकडून 48-48 आणि वरखालून 27-27 पिक्सेल गेले. विंडोज 10 चा टास्कबार नेहमीच्या मापात 40 पिक्सेल उंच असतो. त्यातले उरतात 13. शिवाय उरलेलं 1824 × 1026 चं चित्र ताणून पडदा भरला जातो, म्हणून अक्षरं पुसट होतात. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, पण एक्सेलच्या बारीक आकड्यांवर डोळे शिणतात.

त्यामुळे दुरुस्ती आधी टीव्हीवर करायची. लॅपटॉप सुरू ठेवून तोच एचडीएमआय इनपुट निवडा आणि रिमोटवरून चित्राच्या आकाराची सेटिंग उघडा. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं: एलजीच्या अनेक सेटवर ‘Just Scan’, सॅमसंगवर ‘Screen Fit’ किंवा ‘Fit to Screen’, सोनीवर ‘Full Pixel’. काही सेटवर इनपुटचं नाव बदलून ‘PC’ ठेवलं तरी कापणं थांबतं. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग त्या-त्या इनपुटपुरतीच असते, म्हणून केबल दुसऱ्या खाचेत घातली तर पुन्हा करावी लागते.

टीव्हीत असा पर्यायच नसेल, तरच ग्राफिक्स कार्डाकडे वळा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘HDMI Scaling’ ची पट्टी असते, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डेस्कटॉपचा आकार बदलता येतो. कडा दिसू लागतात, पण चित्र आधी कार्डाने आकसवलेलं आणि मग टीव्हीने ताणलेलं असल्याने अक्षरं धारदार होत नाहीत. विंडोजमधलं 125 किंवा 150 टक्क्यांचं स्केल मात्र याच्यासाठी नाही; त्याने फक्त अक्षरं आणि चिन्हं मोठी होतात.

टीव्हीवरची सेटिंग केल्यावर चारी बाजूंना काळी चौकट उरली, तर कार्डाची ती पट्टी बहुधा आधीपासूनच शून्यावर नसणार. ती शून्यावर आणा.