सत्तर टक्क्यांवर अडलेली फाइल

एका माहितीपटाची अंतिम प्रत १२० जीबीची आहे. घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग ४० एमबीपीएस. सगळं सुरळीत चाललं तर सहा तास चाळीस मिनिटांत फाइल पोचायला हवी. संकलक रात्री अकराला स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट चालू करून झोपतो. सकाळी पाहतो, तर काम सत्तर टक्क्यांवर थांबलेलं. लाइन गेली असेल असं समजून तो दुसऱ्या रात्री पुन्हा लावतो. पुन्हा सत्तर टक्के. तिसऱ्या रात्रीही तेच.

इथे थांबून विचार करायला हवा. लाइन गेली असती, तर ती रोज एकाच ठिकाणी कशी गेली असती? अपलोड अडलं, की आपण ‘का’ असं विचारतो. त्याआधी ‘कुठे’ असं विचारलं, तर अर्धं निदान तिथेच होतं.

तुकडे, क्रमांक आणि पोच

मोठी फाइल एका दमात पाठवली आणि शेवटच्या मिनिटाला लाइन तुटली, तर सगळं पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून तिचे तुकडे करून पाठवतात. ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत ही सोय २०१० पासून आहे आणि इतर अनेक सेवांनी तीच पद्धत उचलली आहे. आधी सर्व्हरला सांगायचं, की मोठी फाइल येते आहे. तो एक `UploadId` देतो. मग एकेक तुकडा क्रमांक घालून पाठवायचा. प्रत्येक तुकडा पोचला, की सर्व्हर `ETag` नावाची पोच देतो. शेवटी सगळे क्रमांक आणि त्यांच्या पोचा यांची यादी पाठवून सांगायचं, की आता जोडा. ही यादी जाईपर्यंत सर्व्हरवर फाइल नसते, नुसते सुटे तुकडे असतात.

या व्यवस्थेच्या दोन मर्यादा इथे महत्त्वाच्या आहेत. शेवटचा सोडून कोणताही तुकडा ५ एमबीपेक्षा लहान चालत नाही आणि एका अपलोडमध्ये १०,००० पेक्षा जास्त तुकडे चालत नाहीत. आपल्या संकलकाच्या स्क्रिप्टमध्ये तुकडा ८ एमबीचा होता. असे दहा हजार तुकडे म्हणजे सुमारे ८४ जीबी, १२० जीबीच्या बरोबर सत्तर टक्के. पहाटे पावणेचारच्या सुमारास दहा हजार एकावा तुकडा निघाला आणि सर्व्हरने तो नाकारला. लाइन तर रात्रभर ठणठणीत होती.

`aws s3 cp` सारखं तयार साधन फाइलचा आकार आधी पाहतं आणि गरज पडली तर तुकडा स्वतःच मोठा करतं. पण दुसऱ्या प्रोग्रॅममधून वाहत येणारा डेटा त्याला थेट जोडला, तर एकूण आकार त्याला कळत नाही. अशा वेळी `--expected-size` देऊन तो सांगावा लागतो.

अडण्याची जागा बदलती असेल, तर मात्र संशय लाइनवर घ्यावा. आणि टक्के वेगळे पण घड्याळ सारखं असेल, म्हणजे दर वेळी सुरुवातीपासून बरोबर एका तासाने काम थांबत असेल, तर परवान्याची मुदत संपली असणार. तात्पुरत्या प्रवेशाची मुदत बहुधा एक तासाची ठेवलेली असते. पडद्यावर `ExpiredToken` दिसलं, की शंका उरत नाही. त्यावर उपाय एकच: काम चालू असतानाच नवा परवाना घेण्याची सोय स्क्रिप्टमध्ये असायला हवी.

तुकडा केवढा असावा?

१२० जीबी दहा हजारांत बसवायची, तर तुकडा किमान १२ एमबीचा हवा. मग सरळ १ जीबीचाच का करू नये?

याचं उत्तर लाइनच्या स्वभावात आहे. वेग मिळावा म्हणून `aws s3 cp` एका वेळी दहा तुकडे पाठवतं. ४० एमबीपीएस दहा वाटांत विभागले, की प्रत्येकाच्या वाट्याला ४ येतात. त्या वेगाने १ जीबीच्या तुकड्याला सुमारे ३६ मिनिटं लागतात. आता लाइन दर वीस मिनिटांनी क्षणभर तुटते असं धरा. एकही तुकडा कधीच पूर्ण होणार नाही. अर्धवट तुकड्याला पोच नसते, त्यामुळे त्याचा गेलेला भाग जमेस धरला जात नाही. राउटरचे दिवे रात्रभर लुकलुकत राहतील, डेटा खर्ची पडेल आणि काम शून्यावरच राहील.

६४ एमबीचा तुकडा घेतला, तर त्याच वाटेने तो सव्वादोन मिनिटांत पोचतो. एकूण तुकडे होतात १,७८९. लाइन तुटली तर वाटेतले दहा तुकडे वाया जातात. सरासरी अर्धे गेले असं धरलं, तर नुकसान ३३५ एमबीचं, म्हणजे साधारण एका मिनिटाच्या कामाचं. ते सोसण्यासारखं आहे. तयार साधनात हा आकार असा ठरवता येतो:

```
aws configure set default.s3.multipart_chunksize 64MB
```

थोडक्यात, तुकड्यांची संख्या दहा हजारांच्या बरीच आत राहावी आणि तुमची लाइन सहसा जितका वेळ सलग टिकते, त्याच्या बऱ्याच कमी वेळात एक तुकडा पोचावा.

पुन्हा पाठवताना

एखादा तुकडा पोचला नाही, तर तेवढाच त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवता येतो. आधीचा चुकून पोचला असेल, तरी नवा त्याची जागा घेतो, दोन प्रती होत नाहीत. ही सोय किती महत्त्वाची आहे ते पाहा. शंभरात एक तुकडा फसतो असं धरलं आणि पुन्हा पाठवायची सोयच नसली, तर १,७८९ तुकडे सलग यशस्वी होण्याची शक्यता दहा कोटींत एक-दोन इतकी उरते. प्रत्येकाला पाच संधी दिल्या, तर अपलोड फसण्याची शक्यता साधारण छप्पन्न लाखांत एकदा इतकी खाली येते.

मात्र हे गणित एकेकटे तुकडे फसतात तेव्हाचं. राउटर बंद पडून चालू व्हायला तीन मिनिटं लागली, तर दहाही तुकडे एकदम फसतात. पाच प्रयत्नांमध्ये १, २, ४, ८ सेकंद थांबलं, तर एकूण थांबणं पंधरा सेकंदांचं होतं. लाइन परत येण्याआधीच सगळ्या संधी संपतात. म्हणून थांबा दुपटीने वाढवत एका मिनिटापर्यंत न्यावा आणि प्रयत्न दहा ठेवावेत. मग तीन मिनिटांचा खंड सहज निभतो. प्रत्येक थांब्यात थोडा यादृच्छिक फरकही ठेवावा, नाहीतर एकदम पडलेले दहा तुकडे एकदमच परत धावतात. सर्व्हर `503 Slow Down` म्हणत असेल, तेव्हा तर हे हवंच. `ExpiredToken` किंवा `NoSuchUpload` आलं, तर तोच प्रयत्न पुन्हा करण्यात अर्थ नाही, आधी कारण दूर करावं लागतं.

आपल्या संकलकाचं एक काम अजून उरलं आहे. पहिल्या तीन रात्रींचे तुकडे सर्व्हरवर पडून आहेत, प्रत्येक रात्रीचे ८४ जीबी. फाइलींच्या यादीत ते दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं चालू असतं. `aws s3api list-multipart-uploads` ही आज्ञा ते दाखवते आणि `abort-multipart-upload` ते काढून टाकते. ठरावीक दिवसांनी असे अर्धवट तुकडे आपोआप पुसण्याचा नियमही लावता येतो.

चौथ्या रात्री ६४ एमबीच्या तुकड्यांनी फाइल पोचली. तिच्या `ETag` च्या शेवटी `-1789` असं दिसतं. एकूण किती तुकडे जोडले, याची ती सर्व्हरनेच दिलेली नोंद. कागदावर केलेल्या भागाकाराशी ती जुळली, की संकलकाने घरच्या डिस्कवरची प्रत हलवायला हरकत नाही.