गरम चहात क्रिएटिन टाकलं तर ते वाया जातं का?

तेरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने परवा एक रील पाठवली. त्यात दावा असा होता की क्रिएटिन गरम पाण्यात टाकलं की लगेच मरतं आणि बाटलीत अर्धा तास ठेवलं तर विष बनतं. खाली त्याचा प्रश्न होता, "दादा, मी तर रोज चहात टाकतो. पाच ग्रॅम वाया गेलं का?"

उत्तर आहे, नाही. पण त्या रीलमध्ये थोडं खरंही आहे, त्यामुळे नेमकं काय घडतं ते बघू.

पाण्यात काय होतं?

क्रिएटिन पाण्यात विरघळलं की त्याचे काही रेणू स्वतःभोवती वळून बंद कडी बनवतात आणि पाण्याचा एक रेणू सोडून देतात. जे तयार होतं त्याला क्रिएटिनिन म्हणतात. नावं जवळपास सारखी असली तरी काम वेगळं आहे, क्रिएटिनिनचा स्नायूंना उपयोग नसतो. पण ते विषही नाही. आपल्या स्नायूंमध्ये ते रोज तयार होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. म्हणजे तुमचा तोटा एवढाच, की डोस थोडा कमी होतो.

हा बदल किती वेगाने होईल हे तीन गोष्टींवर ठरतं: द्रव किती आंबट आहे, किती गरम आहे आणि किती वेळ ठेवला आहे. २५ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवलेल्या द्रावणांच्या मोजमापात साध्या पाण्यासारख्या, म्हणजे पीएच ६.५ ते ७.५ च्या द्रावणात घट नगण्य होती. पीएच ५.५ ला सुमारे ४ टक्के, ४.५ ला १२ टक्के आणि ३.५ ला २१ टक्के क्रिएटिन गेलं. पीएच जितका कमी, तितका द्रव आंबट.

आता चहाचा हिशोब

दुधाचा चहा फारसा आंबट नसतो. तरी आपण वाईट बाजू धरू आणि पीएच ५.५ मानू. तीन दिवसांत ४ टक्के, म्हणजे दहा मिनिटांत जेमतेम ०.०१ टक्का. चहा गरम आहे म्हणून हा वेग दोनशे पट वाढला असं धरलं, तरी दहा मिनिटांत दोन टक्के जातील. पाच ग्रॅममधले ०.१ ग्रॅम. शिवाय कपातला चहा निवत जातो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि सहकाऱ्यांच्या ज्या अभ्यासाने क्रिएटिन सप्लिमेंट चर्चेत आणलं, त्यातही पावडर गरम पाण्यात विरघळवूनच दिली होती. फक्त चहा उकळताना पातेल्यात टाकू नका, कपात ओतल्यावर टाका.

खरा तोटा लिंबूपाण्यात आहे. समजा पीएच ३.५ चं लिंबूपाणी सकाळी बनवलं आणि आठ तासांनी प्यायलात. २५ अंशांना दोन-अडीच टक्के जातील. तेरला मे महिन्यात पारा चाळिशीला जातो. तिथे वेग पाचपट धरला तर बारा टक्के, म्हणजे पाच ग्रॅममधून ०.६ ग्रॅम. पोटातल्या आम्लाची मात्र भीती नको. तिथला पीएच इतका खाली असतो की रेणूची कडी बनणंच मंदावतं.

तळाशी पांढरं दिसतं ते काय?

बरेच जण तळाशी बसलेली पावडर बघून "खराब झालं" म्हणतात. तसं नाही. २० अंशांना एक लिटर पाण्यात साधारण १४ ग्रॅम क्रिएटिन विरघळतं, म्हणजे २५० मिलीच्या ग्लासात साडेतीन ग्रॅम. तोच ग्लास फ्रिजमध्ये ४ अंशांना ठेवला तर दीड ग्रॅमच विरघळलेलं राहतं, बाकी खाली बसतं. ते चांगलं क्रिएटिनच आहे. हलवून पिऊन टाका, तळ ओतून देऊ नका. गरम पाण्याचा फायदा इथेच आहे: ६० अंशांना लिटरमध्ये सुमारे ४५ ग्रॅम विरघळतं, त्यामुळे कपभर चहात पाच ग्रॅम सहज मावतं.

उलट, क्रिएटिनिन झालं की ते डोळ्यांना दिसत नाही, कारण ते पाण्यात चांगलं विरघळतं. त्यामुळे ग्लास बघून अंदाज बांधता येत नाही, वेळ आणि आंबटपणाच बघावा लागतो.

कोरडी पावडर मात्र टणक असते. ४० अंशांना तीन वर्षांहून जास्त ठेवूनही ती लक्षात येण्याइतकी बिघडलेली आढळली नाही. म्हणून उन्हाळ्यात डब्याची काळजी नको, फक्त झाकण घट्ट लावा आणि ओला चमचा आत घालू नका. साध्या पाण्यात सकाळी कालवलेलं संध्याकाळी चालेल, ताकात किंवा लिंबूपाण्यात मात्र प्यायच्या वेळीच कालवा.