मोडेम भिंतीच्या बोर्डावर होता

काटोलकडच्या एका गावातल्या सेवा सहकारी संस्थेत मी गेले, ते मार्चअखेरीची वसुली पाहायला. संस्थेचे हिशेब नुकतेच क्लाउडवर गेले होते, आणि सचिव फोनवर म्हणाले होते, "या, पण लाईन असताना या."

केंद्र सरकारने जून २०२२मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांसाठी एकच सॉफ्टवेअर आलं. हिशेब गावातल्या संगणकात राहत नाही, तो दूरच्या सर्व्हरवर जातो. जुन्या खतावण्यांतल्या शिलका एका ठरलेल्या तारखेला उतरवल्या, तेरीज जुळवली आणि काम सुरू झालं. हे वाक्य लिहायला जितकं सोपं, तितकं ते काम नव्हतं, हे सचिवांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

मार्च महत्त्वाचा, कारण तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. कापूस-सोयाबीनचे पैसे हातात धरून माणसं रांगेत उभी होती. सकाळची शिल्लक ६,२०० रुपये. दुपारपर्यंत ८१,००० जमा झाले. मग एका म्हाताऱ्या सभासदाने पिशवीतून ४५,००० काढले. नोटा मोजून झाल्या, सचिवांनी खातं उघडलं, रक्कम टाकली, जतन करण्याचं बटण दाबलं आणि पंखा थांबला.

यूपीएस किणकिणू लागला. संगणक चालूच होता, पण पडद्यावरचं चक्र नुसतं फिरत राहिलं. "पंधरा मिनिटं," सचिव म्हणाले. म्हणजे बॅटरी इतकीच टिकते. पण त्या पंधरा मिनिटांचा उपयोग काहीच नव्हता. संगणक यूपीएसवर, आणि इंटरनेटचा मोडेम मात्र भिंतीवरच्या बोर्डाला लावलेला. वीज गेली तशी जोडणीही गेली. पडदा उजळ, आणि पलीकडे कोणी नाही. बसवणाऱ्याने एवढं पाहायला नको होतं का?

म्हातारा मात्र शांत. "लाईन गेली त गेली, माही पावती त द्या जी."

सचिवांनी टेबलाखालून जुनं पावतीपुस्तक काढलं. ते त्यांनी टाकून दिलं नव्हतं. कार्बन ठेवून पावती फाडली, किर्दीत ओळ घातली, वेळ लिहिली. अंधारातच आणखी तिघांनी मिळून ७०,००० भरले. तीन पावत्या, तीन ओळी.

वीज दीड तासाने आली. मदतनीस पोरगा घाईने म्हाताऱ्याचे ४५,००० पुन्हा टाकायला बसला. सचिवांनी त्याचा हात धरला. "थांब. आधी पाहू, गेले का नाई ते."

खरी अडचण इथेच असते. बटण दाबल्यावर नोंद सर्व्हरकडे निघते, तिथे लिहिली जाते आणि मग उत्तर परत येतं. वीज पहिल्या टप्प्यात गेली तर नोंद झालेलीच नसते. नोंद झाल्यावर पण उत्तर पोचण्याआधी गेली तर नोंद पक्की असते, फक्त आपल्याला कळत नाही. टेबलावर बसलेल्याला दोन्ही वेळी तेच फिरतं चक्र दिसतं. न पाहता पुन्हा टाकलं तर म्हाताऱ्याच्या खात्यात ९०,००० जमा आणि पेटीत ४५,००० कमी.

सचिवांनी आधी पेटीतली रोकड मोजली: २,०२,२०० रुपये. मग संगणकातली रोख शिल्लक पाहिली: १,३२,२००. फरक ७०,००० चा, म्हणजे बरोबर त्या तीन पावत्यांचा. म्हाताऱ्याचे पैसे पोचले होते. पोचले नसते तर फरक १,१५,००० आला असता. त्याचं कर्जखातं उघडलं, तिथे नोंद होती, पावती क्रमांकासह. तीन नोंदी टाकल्या, आणि प्रत्येक हातपावतीच्या स्थळप्रतीवर संगणकाचा क्रमांक लिहिला, म्हणजे लेखापरीक्षकाला दोन पावत्या दोन भरणे वाटू नयेत.

तारखेचा प्रश्न मात्र आला नाही. सॉफ्टवेअरमध्ये तारीख आपोआप पुढे जात नाही, संध्याकाळी 'दिवस बंद' केल्यावरच जाते. वीज रात्री उशिरा आली असती, तरी नोंदी त्याच तारखेला पडल्या असत्या. संगणक जळला तरी हिशेब वाचतो, हेही खरं. पण त्या दुपारी हिशेब उभा राहिला तो कार्बनच्या पावतीवर. वरच्या कार्यालयातून दोन्हीकडे लिहिणं बंद करा म्हणतात. माझं मत सचिवांसारखंच आहे, निदान पावतीपुस्तक तरी हाताशी असू द्यावं.

मोडेमची वायर त्यांनी त्याच दिवशी यूपीएसला लावली. पोराने विचारलं, आता बॅटरी किती टिकेल? "थोडी कमी," सचिव म्हणाले, आणि नव्या बॅटरीचा खर्च पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घातला.